‘वि. वि.’ नंतरचा मजकूर

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की कुठल्याही कचेरीच्या टेबलावर साधारण तोच पसारा दिसतो. रबर लावून गुंडाळलेली कॅलेंडरं, पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या डायऱ्या आणि त्यांच्यासोबत आलेली छापील पत्रं. कॅलेंडर कोणीतरी घरी नेतं, डायरी शिपायाच्या मुलीला मिळते. पत्र मात्र कुणी वाचलं का, हे सांगता येत नाही. त्यात बहुधा दोन वाक्यं असतात. ‘गेल्या वर्षभरातील आपल्या मोलाच्या सहकार्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत. येणारे वर्ष आपणांस व आपल्या परिवारास सुखसमृद्धीचे जावो.’

या मजकुरात चूक काहीच नाही. अडचण एवढीच, की वरचं नाव बदललं तर तो टायर विकणाऱ्यालाही चालतो, दंतवैद्यालाही चालतो आणि मंगल कार्यालयालाही. वर्षभर कोणतं काम झालं, ते कोणी कोणासोबत केलं, याचा त्यात मागमूस नसतो. पाठवणाऱ्याला गिऱ्हाईक आठवलं म्हणून पत्र निघालं, की यादीत नाव होतं म्हणून निघालं, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

यादीवरून निघणाऱ्या शुभेच्छांचा जन्मच वेळ वाचवण्यासाठी झाला आहे. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल या सरकारी अधिकाऱ्यासमोर नाताळच्या पत्रांचा ढीग साठला होता. एकेकाला उत्तर लिहायला त्याला सवड नव्हती. त्याने जॉन कॉलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, त्याखाली शुभेच्छा छापल्या आणि घेणाऱ्याच्या व देणाऱ्याच्या नावासाठी जागा कोरी ठेवली. पहिलं व्यापारी नाताळकार्ड म्हणून ते ओळखलं जातं. सुमारे हजार प्रती छापल्या गेल्या. मजकूर सगळ्यांना एकच, फरक फक्त कोऱ्या जागेत भरलेल्या नावाचा. आजच्या संगणकावरचं ‘मेल मर्ज’ हीच कोरी जागा आपोआप भरतं. कधी यादीतला रकाना चुकतो आणि गिऱ्हाइकाला ‘प्रिय «FirstName»’ असं पत्र जातं. मग त्या जागेमागे माणूस नव्हता, हे झाकून राहत नाही.

मराठी पत्रलेखनातही ठरीव मजकूर भरपूर आहे. ‘कृ. सा. न. वि. वि.’ हा मायना जुन्या पिढीने हजारो वेळा लिहिला. कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. शेवटी ‘कळावे, लोभ असावा’. नमस्कार आणि लोभ दोन्ही इतके ठरलेले, की त्यांची आद्याक्षरंच पुरेशी व्हायची. पण मायना संपतो कुठे, तर ‘विशेष’ या शब्दावर. ठरीव भाग इथे संपला, आता खास या पत्राचं जे सांगायचं आहे ते सुरू. वर्षअखेरच्या आभारपत्रांत नेमकी हीच जागा रिकामी राहते. मायना येतो, समारोप येतो आणि मधलं विशेष काही येतच नाही.

ती जागा कशी भरायची, हे एका उदाहरणावरून नीट कळेल. समजा, पुण्यातला एक छोटा ऑफसेट छापखाना आहे. त्याच्याकडे दरवर्षी एक दिवाळी अंक छपाईला येतो. २२४ पानं, तीन हजार प्रती. सोळा पानांचा एक फॉर्म, म्हणजे एकूण चौदा फॉर्म. त्यातला नववा रंगीत चित्रांचा, आर्ट पेपरवर. दिवाळी तोंडावर आली की असे छापखाने दिवसरात्र चालतात. एका अंकाचा फॉर्म मशीनवरून उतरायच्या आत दुसऱ्याच्या प्लेट तयार असतात.

नववा फॉर्म मशीनवर चढतो त्या रात्री संपादक स्वतः मशीनप्रूफ पाहायला येतात. पहिले काही कागद काढून रंग जुळलेत का, मजकूर जागेवर आहे का, हे पाहायचं आणि मगच सलग छपाई सुरू करायची, अशी पद्धत. रंग ठीक असतात. पण दोन चित्रांखालच्या ओळींची अदलाबदल झालेली असते. छापखान्यातल्या तिघांच्या नजरेतून ती सुटलेली असते, संपादकांच्या सुटत नाही. रंगीत छपाईत कागदाच्या एका बाजूला चार प्लेट लागतात. निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी. चित्रओळी काळ्या शाईतल्या, म्हणून फक्त काळी प्लेट नव्याने काढावी लागते. तासाभराचा खोळंबा होतो आणि काम पुढे जातं. हीच चूक छपाई पुरी झाल्यावर दिसली असती, तर तीन हजार आर्ट पेपर रद्दीत गेले असते आणि सगळा फॉर्म पुन्हा छापावा लागला असता. तेही ऐन दिवाळीत.

आता डिसेंबर आला आहे. छापखान्याचे मालक संपादकांना आभाराचं पत्र लिहायला बसतात. छापील नमुना हाताशी असतोच. तो बाजूला ठेवून त्यांनी लिहिलेलं पत्र असं असेल:

‘मॅडम,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

अंक बांधणीतून बाहेर पडला त्याला आता दोन महिने होतील, पण आमच्या मशीनवर अजून नवव्या फॉर्मची आठवण निघते. त्या रात्री साडेदहाला तुम्ही आलात, ओल्या शाईचा कागद दिव्याखाली धरलात आणि दोन चित्रांच्या ओळी उलटसुलट झाल्याचं दाखवलंत. आम्ही तिघांनी तो कागद पाहिला होता, आमच्या ते लक्षात आलं नव्हतं. तुम्ही आवाज चढवला नाहीत. “काळीच प्लेट बदलायची ना?” एवढं विचारलंत आणि नवी प्लेट येईपर्यंत मशीनशेजारच्या स्टुलावर बसून राहिलात. तीन हजार कागद वाचले.

तेव्हापासून चित्रांचा फॉर्म असला की एकाने चित्रओळ मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने चित्रावर बोट ठेवायचं, असं आम्ही ठरवलं आहे. ही सवय तुमच्यामुळे लागली. मशीनवरच्या मंडळींनी नमस्कार सांगितला आहे.

लोभ असावा.’

पत्र शंभर-सव्वाशे शब्दांचं. त्यात ‘मोलाचे सहकार्य’ नाही, ‘ऋणानुबंध’ नाही, ‘सुखसमृद्धी’ही नाही. आणि हे पत्र दुसऱ्या कोणत्याही गिऱ्हाइकाला पाठवता येणार नाही. तयार पत्र तपासायची पहिली कसोटी हीच. वरचं नाव झाकायचं आणि खालचा मजकूर ओळखीच्या आणखी एखाद्या गिऱ्हाइकाला लागू पडतो का ते पाहायचं. एखादं वाक्य लागू पडलं तर ते मायन्यातलं समजायचं. अशी एक-दोन वाक्यं असायला हरकत नाही, नमस्कार तर लागतोच. पण सगळीच वाक्यं तशी निघाली, तर ते पत्र न पाठवता कॅलेंडरच पाठवलेलं बरं.

दुसरी कसोटी जरा अवघड आहे. पत्रातल्या वाक्यांचे कर्ते मोजायचे. वरच्या पत्रात आलात, धरलात, दाखवलंत, विचारलंत, बसून राहिलात ही क्रियापदं संपादकांची आहेत. धंद्यातल्या आभारपत्रांत नेमकं उलटं होतं. ‘या वर्षी आम्ही आपले चौदा फॉर्म वेळेत छापले, नवे यंत्र घेतले, दर्जा राखला’ अशी वाक्यं येत जातात आणि आभारपत्राचं माहितीपत्रक होतं. काम नेमकं आठवलेलं असतं, पण आपलंच.

हा फरक अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ सारा अल्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासला. जोडप्यांना एकमेकांचे आभार मानायला सांगून त्यांनी ते संवाद चित्रित केले आणि त्यातल्या वाक्यांचे दोन गट पाडले. एका गटात ‘तू हे केलंस, तुझा हा गुण’ असं समोरच्याबद्दल बोलणारी वाक्यं, दुसऱ्यात ‘मला त्याचा असा फायदा झाला’ असं स्वतःबद्दल बोलणारी. आपल्याला समजून घेतलं गेलं ही ऐकणाऱ्याची भावना पहिल्या प्रकारच्या वाक्यांशी जोडलेली आढळली, दुसऱ्या प्रकारच्या नाही. अभ्यास घरातल्या माणसांचा होता, देणेकरी-घेणेकऱ्यांचा नव्हे, हे ध्यानात ठेवायला हवं. पण छापखान्याचं पत्र का वाचलं जाईल, याचं कारण त्यात सापडतं. तीन हजार कागद वाचले हे त्यात एका छोट्या वाक्यात आहे, संपादकांनी काय केलं याला पाच क्रियापदं दिली आहेत.

अशा पत्राची खरी मेहनत लिहिण्यात कमी, आठवण्यात जास्त. कोऱ्या कागदासमोर बसून ‘यांच्याबरोबर काय काय झालं बरं?’ असं विचारलं की डोक्यात फक्त शेवटचं बिल येतं. म्हणून आधी कागद काढायचे. छापखान्यात जॉब तिकिटं असतात, त्यांवर कामाच्या तारखा, कागद, प्लेट, दुरुस्त्या यांची नोंद असते. डिलिव्हरी चलनं असतात. गिऱ्हाइकाबरोबरचं व्हॉट्सॲपवरचं वर्षभराचं बोलणं असतं, ते जानेवारीपासून खाली वाचत यायचं. सीएच्या कचेरीत फाइलवरचे शेरे असतात, वास्तुविशारदाकडे साइट व्हिजिटची वही असते, मंडप-केटररकडे कार्यक्रमांची डायरी. ज्याला कोणी गिऱ्हाईक म्हणतं, कोणी क्लायंट तर कोणी पक्षकार, त्याच्या कामाचा माग असा कुठेतरी असतोच. एका गिऱ्हाइकासाठी पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

वाचताना शोधायचं काय, तर काम नेहमीच्या वाटेवरून सुटलं ती जागा. तारीख बदलली, रात्री फोन आला, नमुना नापास झाला, कोणीतरी वेगळा पर्याय सुचवला. सुरळीत पार पडलेलं काम दोघांच्याही लक्षात राहत नाही. अडलेलं आणि मग सुटलेलं काम दोघांना आठवतं. आणि ते दोघांना आठवलं पाहिजे, ही अट महत्त्वाची. गिऱ्हाईक समोर नसताना छापखान्याने रात्रभर जागून बांधणी केली असेल, तर ती छापखान्याची आठवण. ती सांगितली तर ऐकणाऱ्याला उपकाराचा सूर लागतो.

ज्या गिऱ्हाइकाबरोबर वर्षभरात असं काहीच घडलं नाही त्याचं काय? दर महिन्याला लेटरहेड आणि पावतीपुस्तकं छापून घेणारी पतसंस्था असते. काम तेच, नमुना तोच, तक्रार नाही. तिथे नाट्य शोधू नये. ‘तुमच्याकडून येणाऱ्या पावतीपुस्तकाच्या मागणीत अनुक्रमांक कुठून कुठवर हवेत ते नेहमी लिहिलेलं असतं, त्यामुळे आम्हाला उलटा फोन कधी करावा लागत नाही’ एवढं एक खरं वाक्य पुरतं. ज्या कारकुनाने वर्षभर ते आकडे न चुकता लिहिले, त्याला आजवर तसं कोणी सांगितलेलं नसण्याचीच शक्यता जास्त.

पत्रात कोणती गोष्ट घालू नये, याची यादी लांब नाही, पण त्यातली एकेक बाब काम बिघडवू शकते. पहिली म्हणजे नवा माल किंवा सवलत. ‘ता. क. जानेवारीत बुकिंग केल्यास दहा टक्के सूट’ ही ओळ खाली आली की वरची सगळी आठवण तिची प्रस्तावना ठरते. १९७६ साली अमेरिकेत दागिन्यांच्या एका दुकानाच्या ग्राहकांवर केलेला एक प्रयोग विपणनाच्या अभ्यासात अजून सांगितला जातो. काही ग्राहकांना फोन करून फक्त धन्यवाद दिले, काहींना धन्यवाद देऊन सेलचीही माहिती दिली, काहींना फोनच केला नाही. खरेदी सर्वांत जास्त वाढली ती नुसते धन्यवाद मिळालेल्यांची. एका दुकानाच्या प्रयोगावरून सगळ्या धंद्यांचा नियम बांधता येणार नाही, पण ता. क. खोडायला तेवढा आधार पुरे.

दुसरी बाब पैशाची. आपल्याकडे हिशोबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि त्या सुमारास गिऱ्हाइकांना शिल्लक पडताळणीची पत्रं जातात. आमच्या वहीत तुमच्याकडून येणं इतकं दिसतं, बरोबर असल्यास सही करून पाठवा. वर्षभरात नेमकं काय झालं हे पैशापैशाने सांगणारं धंद्यातलं ते पत्र. त्याच पाकिटात किंवा त्याच आठवड्यात आभारपत्र गेलं, तर ते वसुलीचं गोड बोलणं वाटतं. म्हणून व्यापारी मंडळींना दिवाळीचा पाडवा सोयीचा, बाकीच्यांना डिसेंबर. दिवाळी अंकाच्या छापखान्याला तर डिसेंबरच, कारण पाडव्याला त्याची माणसं झोपलेली असतात.

तिसरी बाब नाजूक आहे आणि ती सहसा लक्षात येत नाही. गिऱ्हाईक म्हणजे अनेकदा मालक नसतो, मोठ्या कंपनीतला खरेदी अधिकारी असतो. त्याला लिहिलेलं पत्र त्याच्या साहेबांच्या टेबलावरही जाऊ शकतं. ‘आमचं बिल तुम्ही रांगेतून पुढे काढून दिलंत’ हे वाक्य लिहिणाऱ्याच्या मनात कृतज्ञतेचं असेल, पण साहेबांच्या डोळ्यांना ते पक्षपाताचा पुरावा दिसेल. ‘तुमच्या कचेरीतून मजकूर उशिरा आला, तरी तुम्ही निभावून नेलंत’ यातही त्याच्या सहकाऱ्याची तक्रार आहे. गिऱ्हाइकाला हे पत्र भिंतीवर लावता येईल का, असा प्रश्न स्वतःला विचारला की अशी वाक्यं आपोआप गळतात. गुपितांनाही हाच चाळ लावायचा. सीएने अशिलाची मिळकत, वकिलाने दाव्याचा तपशील आभारपत्रात आणायचा नसतो, कारण पाकीट फोडणारा दुसराच कोणी असतो. तिथे आठवण कामाच्या पद्धतीची घ्यावी, मजकुराची नको. ‘कागद मागितले त्याच दिवशी क्रमाने लावून आणलेत’ असं लिहिलं तर त्यातून काहीच फुटत नाही.

आणि चूक आपली असेल तर? छापखान्याच्या पत्रात ती आहेच. पण तिथे माफी पुन्हा मागितलेली नाही, ती त्या रात्रीच मागून झाली असणार. चूक एका वाक्यात, गिऱ्हाइकाचं वागणं तीन वाक्यांत आणि त्यामुळे आपल्याकडे बदललेली पद्धत दोन वाक्यांत. शेवटचा भाग खरा असला पाहिजे. पुढच्या वर्षी संपादक मशीनवर येतील आणि चित्रओळी मोठ्याने वाचल्या जाताहेत का, हे त्यांना प्रत्यक्ष दिसेल. पद्धत बदलली नसेल तर ती दोन वाक्यं लिहू नयेत. पत्र त्यांच्याशिवायही उभं राहतं.

तपशील चुकण्याची भीतीही खरी आहे. छापील शुभेच्छांत काही नसतं, म्हणून काही चुकतही नाही. नेमकं लिहिणारा मात्र फॉर्मचा आकडा चुकवू शकतो, दुसऱ्याच गिऱ्हाइकाची आठवण याच्या नावावर घालू शकतो, आणि तसं झालं तर पत्र न पाठवल्यापेक्षा वाईट. म्हणून पत्रातला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक नाव जॉब तिकिटाशी ताडून घ्यायचं. खात्री नसलेला आकडा सरळ काढून टाकायचा. ‘साडेदहा’ आठवत नसेल तर ‘रात्री उशिरा’ लिहिलं तरी आठवण तीच राहते.

अनेकांचा हात मात्र वेगळ्याच संकोचाने अडतो. इतकं वैयक्तिक लिहिलं तर विचित्र वाटेल, शब्द बरोबर जमणार नाहीत. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ साली याचाच माग काढला. त्यांनी लोकांना कोणाला तरी आभाराचं पत्र लिहायला लावलं, वाचणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला आणि मग ज्यांना पत्रं मिळाली त्यांनाच गाठून विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा वाचणाऱ्यांना कमी अवघडल्यासारखं झालं आणि आनंद जास्त झाला. आपली भाषा कशी जमली याची लिहिणाऱ्यांना जेवढी धास्ती होती, तेवढी वाचणाऱ्यांना ती उणी वाटलीच नाही.

राहता राहिला वेळेचा हिशोब. आठवणीला वीस मिनिटं, लिहायला वीस मिनिटं, ताडून पाहायला पाच. साठ गिऱ्हाइकांना असं लिहायचं तर पंचेचाळीस तास होतात, आणि तेवढे कोणाकडेच नसतात. दहा-बारा जणांना लिहायचं ठरवलं तर रोज एक करून दोन आठवड्यांत संपतं. बाकीच्यांना कॅलेंडर आणि साधा नमस्कार जावा, त्यात कमीपणा नाही. बिघडतं ते मधल्या वाटेवर. एकच ‘नेमकं’ पत्र लिहून त्यातल्या दोन जागा बदलत साठ जणांना पाठवलं की पकडलं जातं, कारण एका शहरातली एका धंद्यातली माणसं एकमेकांना भेटतात आणि पत्रं दाखवतातही.

मजकूर छापखान्याच्या लेटरहेडवर टाइप केलेला असला तरी चालतो, सही तेवढी शाईची हवी. पाकिटात दुसरं काही घालायचं नाही, अगदी कॅलेंडरसुद्धा नाही. ते वेगळं जाईल.

छापखान्याच्या मालकांना ती रात्र इतकी बारकाईने आठवली कशी, असं कोणी विचारलं, तर ते कपाटातून नवव्या फॉर्मचं जॉब तिकीट काढून उलटं करतील. त्याच्या पाठीवर मशीनवाल्याने त्या रात्री, हात पुसायच्या आधी, पेन्सिलीने एक ओळ लिहून ठेवलेली असेल, कडेला शाईच्या अंगठ्यासकट: ‘चित्रओळी उलट. मॅडमनी पकडलं. काळी प्लेट १.’